झोटेरोत पीडीएफ टाकल्यावर शीर्षक, लेखक, साल चुकतं तेव्हा : बेळगाव भागातल्या संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथली मुलं पीएच.डी.साठी कुणी राणी चन्नम्मा विद्यापीठात, कुणी धारवाडला, तर कुणी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नाव नोंदवतात. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या पीडीएफ असतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी सिनियरकडून व्हॉट्सॲपवर आलेल्या असतात. त्या झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवून सूची बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकल्या की जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं झोटेरोच्या सातव्या आवृत्तीला धरून आहेत. मेनूतली नावं पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत.

पीडीएफ ओढून टाकली की झोटेरो तिची माहिती आणतं कुठून?

पीडीएफच्या पहिल्या काही पानांतला मजकूर झोटेरो आपल्या सर्व्हरकडे पाठवतं. तिथे त्या मजकुरात डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, किंवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा क्रमांक, आहे का ते आधी पाहिलं जातं. सापडला, तर त्या क्रमांकावरून क्रॉसरेफसारख्या नोंदवहीतली तयार माहिती येते. नाही सापडला, तर पानाच्या मांडणीवरून शीर्षक कुठलं, लेखक कुठला याचा अंदाज बांधला जातो. चुका बहुतेक या अंदाजातल्या असतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे हे काम इंटरनेटशिवाय होत नाही. नेट गेलेलं असताना टाकलेली फाइल नुसती फाइल म्हणून पडून राहते. नेट आल्यावर तिच्यावर राइट-क्लिक करून `Retrieve Metadata` निवडायचं. दुसरी म्हणजे फक्त सुरुवातीची पानं बघितली जातात. तुम्ही अख्खा अंक एका पीडीएफमध्ये टाकलात आणि तुमचा लेख पान ८८ वर असेल, तर झोटेरोला तो लेख दिसतच नाही. आधी तेवढी पानं वेगळी काढा.

"काहीच सापडलं नाही" असा निरोप येतो. फाइल खराब आहे का?

बहुधा नाही. पीडीएफ उघडा, लेखाचं शीर्षक माउसने निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. या एका चाचणीने नव्वद टक्के निदान होतं, पण ती कुणी करत नाही.

शीर्षक निवडताच येत नसेल, तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. झेरॉक्सचं मोबाइलने केलेलं स्कॅन असंच असतं. त्यावर ओसीआर करावं लागेल, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवावा लागेल. पेस्ट केल्यावर शीर्षक स्वच्छ उमटलं, तर मजकूर ठीक आहे, फक्त तो लेख कुठल्याही नोंदवहीत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयीन नियतकालिकांना डीओआयच नसतो, त्यामुळे हे चालायचंच. आणि पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी आली, तर ती जुन्या फॉन्टची पीडीएफ आहे. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

साल २०१४ आलं, लेख तर जुना आहे. लेखकाचं नावही उलटं झालं. हे दुरुस्त कसं करायचं?

एक खरा लेख घेऊन बघू. ए. के. रामानुजन यांचा "Is There an Indian Way of Thinking? An Informal Essay" हा निबंध लोकसाहित्य, समाजशास्त्र, इंग्रजी अशा सगळ्या विभागांतल्या लोकांना लागतो. शिवाय ते एकेकाळी आपल्या लिंगराज कॉलेजात शिकवायला होते, त्यामुळे इथे जरा जास्तच आपुलकीने वाचतात. एका विद्यार्थिनीकडे त्याची फिरत फिरत आलेली प्रत होती. कुणीतरी कधीतरी डाउनलोड केलेली, आणि समासात डाउनलोडच्या तारखेचा शिक्का उमटलेला. झोटेरोत नोंद झाली ती अशी : शीर्षक सगळं कॅपिटल अक्षरांत आणि उपशीर्षक गायब, आडनावाच्या रकान्यात "A. K.", नावाच्या रकान्यात "Ramanujan", साल २०१४. नियतकालिकाचं नाव, खंड, पानं कोरीच.

२०१४ कुठून आलं ते उघड आहे. पानावर ठळक दिसणारं एकमेव साल त्या शिक्क्यातलं होतं. हे कळायला झोटेरोतल्या साल आणि लेखक या स्तंभांवर नजर टाकली तरी पुरते. लेखकाच्या स्तंभात "A. K." असं एकटंच काही दिसलं, किंवा मेलेल्या लेखकाचा लेख कालपरवाचा निघाला, तर थांबायचं.

आता दुरुस्ती. हातानं एकेक रकाना भरू नका, त्यात नव्या चुका होतात. आधी डीओआय शोधा. `search.crossref.org` वर शीर्षकातले चार शब्द आणि लेखकाचं नाव टाकलं की या लेखाचा डीओआय मिळतो :

```
10.1177/006996689023001004
```

झोटेरोच्या वरच्या पट्टीत जादूच्या कांडीचं चित्र आहे, `Add Item(s) by Identifier`. त्यात हा क्रमांक चिकटवा आणि एंटर दाबा. नवी नोंद तयार होते : *Contributions to Indian Sociology*, खंड २३, अंक १, १९८९, पानं ४१ ते ५८. मग जुन्या चुकीच्या नोंदीखालची पीडीएफ माउसने उचलून या नव्या नोंदीवर सोडा. ती तिथे गेल्याची खात्री झाली की मगच जुनी नोंद काढून टाका. हा क्रम उलटा करू नका. नोंद आधी उडवली तर तिच्या पोटातली पीडीएफही कचऱ्याच्या टोपलीत जाते. ती तिथून परत काढता येते, पण तोवर माणूस घाबरलेला असतो.

फाइलचं नाव अजून जुनंच असेल, तर पीडीएफवर राइट-क्लिक करून `Rename File` ने सुरू होणारा पर्याय घ्या.

डीओआयवरून आलेली नोंदही एकदा पहिल्या पानाशी ताडून बघायची. उपशीर्षक आलं का, पानांचे आकडे जुळतात का, एवढं बघितलं तरी चालतं. या विशिष्ट डीओआयमध्ये पडताळ्याची एक सोय आहे. सेजच्या जुन्या लेखांचे डीओआय तोडून वाचता येतात. 10.1177 नंतरचे पहिले सात आकडे नियतकालिकाच्या आयएसएसएनचे, मग 89 हे साल, 023 हा खंड, 001 हा अंक आणि शेवटी लेखाचा क्रमांक. म्हणजे २०१४ खोटं आहे, हे त्या क्रमांकातच लिहिलेलं आहे. सगळ्या प्रकाशकांचे डीओआय असे वाचता येत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

ती चुकीची नोंद मी वर्डमध्ये दहा ठिकाणी वापरून बसलोय. आता?

मग ती उडवायची नाही. उडवली तर प्रबंधातल्या त्या दहा जागांचा झोटेरोतल्या नोंदीशी असलेला धागा तुटतो. मजकूर दिसत राहतो, पण तुम्ही केलेली दुरुस्ती तिथपर्यंत पोचत नाही.

अशा वेळी दोन्ही नोंदी कंट्रोल दाबून निवडा, राइट-क्लिक करा आणि `Merge Items` घ्या. कुठल्या नोंदीची माहिती ठेवायची ते झोटेरो विचारतं. डीओआयवाली निवडा. विलीन झाल्यावर पीडीएफ एकाच नोंदीखाली येते, आणि वर्डमधले जुने संदर्भ या नोंदीला जोडलेले राहतात. दोन्ही नोंदींचा प्रकार एकच असावा लागतो. एक `Journal Article` आणि दुसरी `Document` असेल तर विलीन होणार नाही, म्हणून चुकीच्या नोंदीचा `Item Type` आधी बदलून घ्या.

त्यानंतर वर्डमध्ये झोटेरोच्या टॅबवर जाऊन `Refresh` दाबा. दहापैकी आठ जागा बदलल्या आणि दोन तशाच राहिल्या, तर त्या दोन ठिकाणी तुम्ही कंसातला मजकूर हातानं खोडून लिहिला आहे, असं समजा. हातानं बदललेल्या संदर्भाला झोटेरो परस्पर हात लावत नाही. तिथला संदर्भ काढून नव्याने घाला.

आडनावाच्या रकान्यात नक्की काय लिहायचं? आमच्याकडे तर कुणाला आडनावच नसतं.

हा प्रश्न सीमाभागात जितका येतो तितका पुण्यात येत नसावा. आपल्याकडे एकाच संदर्भसूचीत तीन पद्धतीची नावं येतात.

मराठी नाव, म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. यात अडचण कमी. पण आपली विद्यापीठं आणि कॉलेजं अनेकदा आडनाव आधी छापतात : पाटील, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. मध्ये स्वल्पविराम नसतो. झोटेरो शेवटचा शब्द आडनाव समजतं आणि वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. सूचीत "रामचंद्र" या नावाखाली तीन वेगळे लेखक दिसले, तर हेच झालेलं असतं. नुसतं आडनाव आणि नाव यांची अदलाबदल झाली असेल, तर लेखकाच्या रकान्यावर राइट-क्लिक केल्यावर `Swap First/Last Names` मिळतं. तीन शब्दांची फिरवाफिरव झाली असेल, तर ते टाइप करूनच नीट करावं लागतं.

उत्तर कर्नाटकातली कन्नड नावं बहुतेक आपल्यासारखीच : एम. एम. कलबुर्गी यांचं आडनाव कलबुर्गी, द. रा. बेंद्रे यांचं बेंद्रे. गोंधळ होतो तो जुन्या म्हैसूरकडच्या नावांचा. एम. एन. श्रीनिवास यांच्या नावातला एम म्हणजे म्हैसूर, एन म्हणजे वडिलांचं नाव नरसिंहाचार, आणि श्रीनिवास हे त्यांचं स्वतःचं नाव. रामानुजन यांचंही तसंच, ए हे गावाचं आद्याक्षर. यात आपल्या अर्थाने आडनाव नाहीच. पण संदर्भसूचीला एक मुख्य शब्द लागतो, आणि जगभर या दोघांची नोंद Srinivas, M. N. आणि Ramanujan, A. K. अशीच होते. म्हणून झोटेरोत आडनावाच्या रकान्यात Srinivas आणि Ramanujan. "खरं आडनाव" शोधून तिथे Mysore लिहिणारे लोकही असतात. तसं करू नका, वाचकाला तो लेखक सापडणार नाही.

संस्था लेखक असेल तर रकाना एकेरी करा. नावाच्या उजवीकडच्या छोट्या बटणाने तो बदलतो. नाहीतर Government of Karnataka चं "Karnataka, Government of" होतं.

स्पेलिंगचंही तपासा. इरावती कर्वे कुठे Irawati तर कुठे Iravati छापलेल्या असतात. प्रत्येक नोंदीत तिच्या मुखपृष्ठावरचं स्पेलिंग ठेवायचं की सगळीकडे एकच करायचं, याचा एकदा निर्णय घ्या. मी एकच करा म्हणेन. दोन ठेवली तर काही शैलींमध्ये झोटेरो त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती समजतं आणि मजकुरातल्या संदर्भात आडनावाआधी आद्याक्षर जोडायला लागतं.

शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं.

शीर्षकाच्या रकान्यावर राइट-क्लिक, `Transform Text`, मग `Sentence case`. झोटेरोत शीर्षक याच रूपात ठेवावं, कारण एखाद्या शैलीला प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं हवं असेल तर ती स्वतः करून घेते. उलटं तिला जमत नाही. पण सगळंच कॅपिटल असलेल्या शीर्षकात Indian हे विशेषनाम आहे की नाही, हे झोटेरोला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे Indian, Karnataka, Lingayat अशा शब्दांची पहिली अक्षरं हातानं परत मोठी करा.

ऑनलाइन एक साल, अंकावर दुसरं. कुठलं धरायचं?

लेखाला खंड आणि अंक मिळाला असेल तर अंकावरचं साल. डीओआयवरून कधी लेख संकेतस्थळावर आधी आला तेव्हाचं साल येतं, आणि जुन्या लेखांच्या बाबतीत तर अंक स्कॅन करून चढवल्याची तारीख येऊ शकते. १९५० च्या दशकातला लेख २०११ चा दिसला तर हेच कारण. तारखेच्या रकान्यात अंकावरचं साल लिहा आणि पुढे जा.

मराठी मासिकांची अडचण वेगळी. जुन्या अंकांवर नुसतं शके छापलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या अंकांसाठी. जानेवारी ते मार्चमध्ये निघालेल्या, म्हणजे साधारण पौष, माघ, फाल्गुनाच्या अंकांसाठी ७९ मिळवायचे. शके १९११ चा श्रावण अंक १९८९ चा, आणि त्याच शकातला फाल्गुन अंक १९९० चा. पौष दोन्हीकडे पडू शकतो. तिथे अंकात आत कुठे इंग्रजी तारीख छापली आहे का ते बघा.

साल इंग्रजी अंकांतच टाइप करा. तारखेच्या रकान्याशेजारी फिकट `y`, `m`, `d` अशी अक्षरं दिसतात. `y` दिसलं म्हणजे झोटेरोला साल कळलं. नाही दिसलं तर सूचीत सालाच्या जागी काहीतरी भलतंच येईल. मूळ शके टिपून ठेवायचा असेल तर `Extra` मध्ये लिहा.

चर्चासत्राच्या पुस्तकातला लेख टाकला, तर झोटेरोने अख्ख्या पुस्तकाचीच नोंद केली.

कारण त्याला आयएसबीएन सापडला. आपल्याकडे राष्ट्रीय चर्चासत्राचे निबंध आयएसबीएन घेऊन पुस्तकरूपाने काढायची रीत आहे, आणि तो क्रमांक पुस्तकाचा असतो, तुमच्या लेखाचा नाही. अशा नोंदीत शीर्षक चर्चासत्राचं येतं आणि लेखकाच्या जागी संपादक प्राचार्य येतात.

`Item Type` बदलून `Book Section` करा. आता शीर्षकाचे दोन रकाने होतात. `Title` मध्ये लेखाचं नाव, `Book Title` मध्ये पुस्तकाचं. आलेल्या लेखकांपुढे `Editor` निवडा, त्यांच्या वर खऱ्या लेखकाचं नाव `Author` म्हणून घाला, आणि पानांचे आकडे भरा. ते कधीच आपोआप येत नाहीत. एकाच पुस्तकातले पाच-सहा लेख घ्यायचे असतील, तर आधी पुस्तकाची नोंद नीट करा आणि तिच्यावर राइट-क्लिक करून `Create Book Section` घ्या. संपादक, प्रकाशक, साल परत भरावं लागत नाही.

आयएसएसएन वेगळा. तो नियतकालिकाचा क्रमांक, जादूच्या कांडीत टाकून लेख मिळत नाही.

मराठी किंवा कन्नड पीडीएफ कॉपी केली की गिचमिड येतं. काय करू?

ती श्रीलिपी, कृतिदेव किंवा कन्नडच्या जुन्या नुडी, बरह फॉन्टमध्ये जुळवलेली आहे. पडद्यावर "लोकसाहित्य" दिसतं, पण आत साठवलेली आहेत इंग्रजी अक्षरं. झोटेरोच्या सर्व्हरला तीच दिसतात. त्याच्याकडून शीर्षक मिळण्याची आशा सोडा. कधी तो त्या गिचमिडीलाच शीर्षक करतो. तसं झालं तर लगेच राइट-क्लिक करून `Undo Retrieve Metadata` करा, नोंद जाते आणि पीडीएफ जागेवर राहते.

मग पीडीएफवर राइट-क्लिक, `Create Parent Item`, आणि उघडलेल्या चौकटीत क्रमांक न भरता `Manual Entry`. आलेल्या कोऱ्या नोंदीचा प्रकार निवडून देवनागरीत किंवा कन्नड लिपीत सरळ टाइप करा. `Language` मध्ये मराठीसाठी `mr`, कन्नडसाठी `kn` भरायला विसरू नका.

पीडीएफमधला मजकूर झोटेरोत शोधता यायला हवा असेल, तर ओसीआर करून घ्यावं. संगणकावर ओसीआरमायपीडीएफ आणि टेसरॅक्टच्या भाषा बसवलेल्या असतील तर :

```
ocrmypdf --force-ocr -l mar+eng juna.pdf nava.pdf
```

कन्नडसाठी `mar` च्या जागी `kan`. `--force-ocr` मुळे जुना गिचमिड मजकूर टाकून पान नव्याने वाचलं जातं. साध्या स्कॅनला, ज्यात मजकूरच नाही, त्याची गरज नसते. पण ओसीआर केल्यावर शीर्षक-लेखक आपोआप येतील असं समजू नका. मराठी लेख क्रॉसरेफमध्ये इतके कमी आहेत की ताडून बघायला नोंदच सापडत नाही. ओसीआर इथे शोधण्यासाठी करायचं, नोंद हातानेच.

शोधगंगेवरचा प्रबंध प्रकरणांच्या दहा-बारा फाइल्समध्ये येतो. दहा नोंदी ठेवू?

एकच. प्रकार `Thesis`, विद्यापीठाचं नाव `University` मध्ये, साल पदवीचं. आणि सगळ्या फाइल्स त्या एका नोंदीखाली ओढून टाका. सुट्या टाकल्या तर प्रत्येक प्रकरणाची वेगळीच काहीतरी नोंद होते, आणि प्रमाणपत्राच्या पानावरून मार्गदर्शकच लेखक बनतात.

शीर्षकात Belgaum आहे. Belagavi करू का?

नाही. शीर्षक हे छापलेलंच राहतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड १८८४ साली Belgaum या नावाने निघाला, तो तसाच लिहायचा. प्रकाशनस्थळाच्या रकान्यातही मुखपृष्ठावर जे असेल ते. नावाबद्दल तुमचं मत काहीही असो, ते प्रस्तावनेत लिहा, झोटेरोत नको. कर्नाटक सरकारने नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, त्यामुळे नंतरच्या प्रकाशनांवर Belagavi असेल तर तेच ठेवा.

दोनशे पीडीएफ एकदम टाकल्या तर चालतील?

झोटेरोला चालतील. पण मग दोनशे नोंदी तपासायला कुणी बसत नाही, आणि चुका प्रबंध छापायच्या आठवड्यात सापडतात. वीस-पंचवीस टाका, लेखकाच्या स्तंभावर क्लिक करून क्रम लावा, मग सालाच्या. आद्याक्षरंच आडनाव झालेली, साल रिकामं राहिलेली, चालू वर्ष आलेली नोंद या दोन क्लिकमध्ये वर किंवा खाली येऊन बसते. तेवढ्या नीट करा आणि पुढचा गठ्ठा घ्या. आणि यापुढे लेख संकेतस्थळावरूनच घ्यायचा असेल, तर पीडीएफ उतरवून टाकण्यापेक्षा लेखाच्या पानावर असतानाच ब्राउझरमधलं झोटेरो कनेक्टरचं बटण दाबा. प्रकाशकाच्या पानावरची माहिती थेट येते, आणि तुम्हाला लेख वाचायची परवानगी असेल तर पीडीएफही सोबत येते.